गाडी किती महिन्यांसाठी

खारघरच्या एका मॅनेजमेंट कॉलेजात मी अकरा वर्षं वाटाघाटी हा विषय शिकवला. कॉलेजच्या प्रवेशद्वारावर उद्याचे नेते इथे घडतात अशा अर्थाचा फलक आहे आणि त्याच्या खालीच उद्याचे नेते दुचाकी कुठेही लावतात म्हणून दंडाची पाटी आहे. ब्लेझर सक्तीचा असल्यामुळे मे महिन्यात वर्गाला ओल्या लोकरीचा वास येई. त्या वासात मी फळ्यावर एक आडवी रेघ मारायचो आणि वापरलेल्या गाडीचं उदाहरण द्यायचो. जगभरची पुस्तकं हेच उदाहरण देतात. विकणारा एक, घेणारा एक, गाडी एक. आणि पुस्तकातल्या गाडीत कोणी आजारी माणूस बसत नाही, त्यामुळे गणित स्वच्छ राहतं.

रेघेवर डावीकडे एक खूण करायची. याहून कमी मिळाले तर विकणारा गाडी विकणार नाही. उजवीकडे दुसरी खूण. याहून जास्त पडले तर घेणारा उठून जाईल. प्रत्येकाचा हा शेवटचा आकडा म्हणजे त्याची रिझर्व्हेशन प्राइस. विकणाऱ्याची खूण घेणाऱ्याच्या खुणेच्या डावीकडे असेल तर मधल्या पट्ट्यात कुठेही सौदा होऊ शकतो. त्या पट्ट्याला झोन ऑफ पॉसिबल अॅग्रीमेंट म्हणतात. त्याच्या आद्याक्षरांवरून वर्गात दरवर्षी एकच विनोद होतो, तो मी इथे करत नाही. खुणा उलट पडल्या तर पट्टाच नसतो; मग कितीही गोड बोला, सौदा होत नाही आणि झाला तर दोघांपैकी एक जण फसलेला असतो.

मुलं नेहमी एक चूक करायची. शेवटचा आकडा म्हणजे आपल्याला परवडतं ते, किंवा आपल्याला लागतात तेवढे पैसे, असं त्यांना वाटे. मी सांगायचो, तुमच्या गरजेला किंवा खिशाला इथे कोणी विचारत नाही. हा सौदा झाला नाही तर तुम्ही दुसरं काय करणार, तेवढंच बघा. त्या दुसऱ्या वाटेची किंमत काढा, तुमचा आकडा तिथून येतो. हे मी इतक्या आत्मविश्वासाने सांगायचो की एकदा एका विद्यार्थ्याने टाळी वाजवली होती.

माझ्या बायकोची दुसरी वाट म्हणजे भाड्याची टॅक्सी.

तिचं डायलिसिस पनवेलच्या एका रुग्णालयात चालू होतं, सोमवार, बुधवार, शुक्रवार. आम्ही खारघरला टेकडीच्या बाजूच्या सेक्टरमध्ये राहायचो, तिथून मोबाइलवर बोलावलेली टॅक्सी यायला तयार व्हायची, मग दोन मिनिटांनी रद्द व्हायची. जाताना तिला उभं राहता येई. परत येताना नाही. चार तास रक्त यंत्रातून फिरून आलं की माणूस पिळून दोरीवर टाकल्यासारखा होतो. रुग्णालयाच्या फाटकाशी औषधांच्या दुकानाची पायरी होती, तिच्यावर ती बसायची आणि मी फोनकडे बघत उभा राहायचो. एकदा कळंबोलीच्या चौकात ट्रकांच्या गर्दीत गाडी अडकली, तिला उलटी झाली. ड्रायव्हरने आम्हाला तिथेच उतरवलं. तो वाईट नव्हता. त्याने सीट पुसायला पाण्याची बाटली मागितली आणि आमच्याकडे नाही म्हटल्यावर स्वतःची काढली. पण उतरवलं.

त्या संध्याकाळी मी गाडी घ्यायचं ठरवलं. मला चालवता येत होतं, चालवायला गाडी नव्हती इतकंच. वापरलेली घ्यायची, गॅसवर चालणारी, दार उंच असलेली, म्हणजे तिला वाकून बसावं लागणार नाही. पैसे तिचे होते. ती सहकारी बँकेत बत्तीस वर्षं कर्ज विभागात होती. निवृत्तीला मिळालेली रक्कम तिने ठेवीत टाकली होती. माझा पगार नेत्यांना घडवण्याचा असल्यामुळे महिन्याच्या महिन्याला संपायचा.

मी संगणकावर तक्ता केला. टॅक्सीचे एका वेळचे साडेतीनशे, जाऊन येऊन सातशे, महिन्यात तेरा खेपा: नऊ हजार शंभर. स्वतःची गाडी असली तर तेरा खेपांचा गॅस तेराशे. विमा आणि डागडुजीचे महिन्याला अठराशे धरले. म्हणजे गाडी महिन्याला सहा हजार वाचवणार. हे जितके महिने वाचतील तितके गुणायचे आणि शेवटी गाडी विकून येतील ते त्यात मिळवायचे. तो आमचा शेवटचा आकडा. त्याहून एक रुपया जास्त पडला तर टॅक्सी स्वस्त. व्याज मी सोडून दिलं होतं. ती ते सोडणार नाही, हे माहीत असूनही.

तक्त्यात एक चौकोन मात्र भरायचा होता: किती महिने.

तिला मधुमेह जुना होता, हृदय अशक्त झालं होतं, मूत्रपिंड बदलायचा विषय डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मिटवला होता. किती काळ, असं विचारलं की ते म्हणायचे, बघू. त्यांची फी या 'बघू'ची होती असं मला कधीकधी वाटे. मी चौकोनात अठ्ठेचाळीस लिहिलं. चार वर्षं. चार का, ते मला सांगता आलं नसतं. साठ लिहायला लाज वाटली आणि छत्तीस लिहायला भीती. चार वर्षांचे वाचलेले दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, चार वर्षांनी जुन्या गाडीचे एक लाख वीस हजार. एकूण चार लाख आठ हजार. इथपर्यंत जायला आपण मोकळे आहोत, असं मी तिला सांगितलं.

ती चष्मा लावून माझ्या शेजारी बसली. कर्जाचे अर्ज तपासायची तिची जुनी पद्धत होती, बेरीज शेवटी बघायची आणि गृहीत धरलेलं आधी. तिने अठ्ठेचाळीसवर बोट ठेवलं.

"हे कुठून आलं?"

मी काहीतरी सांगितलं. अमुक ओळखीचा नऊ वर्षं डायलिसिसवर आहे, वगैरे.

"त्याचं हृदय कसं आहे?"

मी तक्ता उगाच खालीवर सरकवला.

"बारा लिही," ती म्हणाली. "मी बँकेत असते तर या माणसाला बारा महिन्यांपुढे कर्ज दिलं नसतं."

मी लिहीना, तेव्हा तिने स्वतः माझ्या हातांच्या मधून बोट घालून दोन कळा दाबल्या. बाकीचे आकडे आपोआप बदलले. बारा महिन्यांचे बहात्तर हजार. एका वर्षानंतर गाडी कमी जुनी, म्हणून विकून दोन लाख चाळीस हजार. एकूण तीन लाख बारा हजार.

मी म्हणालो, टॅक्सीवाले रद्द करतात त्याचं काय, पायरीवर बसावं लागतं त्याचं काय, त्याचीही किंमत धरायला हवी. ते खरंच धरायला हवं; मी वर्गात तसं शिकवायचो. ती म्हणाली, धर की, किती धरतोस. मी आकडा शोधत राहिलो. तिने त्या ओळीत शून्य लिहिलं आणि स्वयंपाकघरात गेली. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसभराचं पाणी ती एका स्टीलच्या भांड्यात मोजून ठेवायची, ते किती उरलंय ते बघायला.

अशी आमच्या घरात एकाच गाडीच्या दोन शेवटच्या किमती झाल्या. माझी चार आठ, तिची तीन बारा. मधले शहाण्णव हजार म्हणजे तिच्या आयुष्याबद्दल आमच्यात असलेला मतभेद.

गाडी जासईला सापडली. तिथे एक तिशीतला माणूस कंटेनर यार्डातल्या साहेबांना ने-आण करायचा. ते काम सुटलं होतं आणि त्याला मोठी गाडी घ्यायची होती. सात वर्षांची, एकाच मालकाची, गॅसची, हवी तशी उंच. फोनवर त्याने तीन पंच्याण्णव सांगितले. बाजारात अशाच गाडीला दुकानदार सव्वाचार मागत होते, त्यामुळे मला ते वाजवी वाटलं. मी मनात ठरवूनच निघालो होतो की साडेतीनच्या आसपास तुटलं तर वरचे पैसे मी माझ्याकडून घालीन आणि तिला सांगणार नाही. हा वाटाघाटीतला प्रकार नव्हे. याला घरात वेगळं नाव आहे.

रविवार होता. तिने बरोबर यायचा हट्ट धरला. पैसे माझे आहेत, म्हणाली, गाडीत मला बसायचंय. ट्रेलरांच्या रांगेतून रस्ता काढत टॅक्सीने आम्ही पोचलो. घर पक्कं होतं, समोर फरशी घातलेलं अंगण, कडेला गाडी धुऊन ठेवलेली. त्याची आई ओट्यावर बसली होती. तिने तीस वर्षं उरणच्या बाजारात मासळी विकली होती. आता गुडघे गेले म्हणून घरी. मुलाने ओळख करून दिली तशी तिने मला नखशिखांत पाहिलं, मग माझ्या बायकोला पाहिलं आणि तिच्यासाठी आतून उशी मागवली. माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची आली.

मी गाडी चालवून पाहिली. ठीक होती. मग मी माझी कला सुरू केली. पहिली बोली खाली टाकायची: दोन ऐंशी. तो हसला आणि म्हणाला, सर, एवढ्यात तर टायर येतील. तो तीन पंच्याहत्तरवर आला. मी तीनवर गेलो. तो साठवर. माझी पावलं हळूहळू लहान करत न्यायची, म्हणजे समोरच्याला वाटतं की भिंत जवळ आली. त्याची पावलंही लहान होत होती, म्हणजे त्यानेही कुठेतरी हे न शिकता शिकलं होतं. तीन चाळीसवर तो थांबला. मी तीन दहावर होतो. मला आत बरं वाटत होतं. माझ्या रेघेवर अजून पुष्कळ जागा होती.

म्हातारी एवढा वेळ बोलली नव्हती. ती माझ्या बायकोच्या डाव्या हाताकडे बघत होती. कोपराच्या खाली डायलिसिससाठी शीर जोडतात, तिथे दोरीसारखा फुगवटा येतो. पदर सरकला होता.

"बाय, यो हात कसा झाला?"

बायकोने सांगितलं. आठवड्यातून तीन वेळा, चार तास, दोन सुया. म्हातारीने विचारलं, दुखतं का. दुखतं म्हणाली. मग म्हातारीने हात पुढे केला आणि त्या फुगवट्यावर बोटं ठेवली. आत रक्ताची घरघर लागते, मांजर हातात घेतल्यासारखी. बहुतेक लोक हात मागे घेतात. तिने घेतला नाही.

"गाडी त्यासाठी पायजे?"

"हो. मला ती वर्षभर लागेल," माझी बायको म्हणाली. "त्याच्यापुढे लागेल असं मला वाटत नाही. म्हणून तीन बाराच्या वर माझ्याच्याने होत नाही. हे सर आहेत, हे आणखी चढतील, पण पैसे माझे आहेत."

अकरा वर्षं मी सांगत आलो होतो की आपला शेवटचा आकडा कधीही उघड करू नये, कारण समोरचा नेमका तिथेच येऊन बसतो. ते खरं आहे. समोरचा तिथे येऊन बसू शकतो, मात्र त्याची स्वतःची खूण आपल्या खुणेच्या अलीकडे असायला हवी. मुलगा खाली बघत होता. म्हातारीने बायकोच्या मांडीवर थाप मारली.

"तू खरं बोललीस, मी पन खरं सांगतंय. कळंबोलीचा गाड्यांचा दुकानवाला गुरवारी येऊन गेला. तीन पंचवीस देतंय, येत्या शनवारपरत. त्याच्या खाली मी पोराला देऊ देनार नाय. तुज्यावर माया हाय, पन माया येगली."

तर हा त्यांचा आकडा. तीन पंचवीस. माझ्या रेघेवर तीन पंचवीस ते चार आठ असा लांबरुंद पट्टा होता, सौदा पाच मिनिटांत संपला असता. तिच्या रेघेवर पट्टाच नव्हता. तेरा हजारांची फट होती आणि दोन्ही बायका तिच्या दोन काठांवर, एकमेकींचा हात धरून, अजिबात न हलता बसल्या होत्या. दोघींचंही चुकत नव्हतं. मी वर्गात हे शेकडो वेळा फळ्यावर काढलं होतं. त्या फळ्यावर कोणी कोणाचा हात धरलेला नसे.

मी म्हणालो, वरचे तेरा मी देतो. बायकोने माझ्याकडे पाहिलंच नाही. "माझ्या नावावर तुझे तेरा हजार नकोत," ती म्हणाली. "तू नंतर आयुष्यभर ते हिशोबात धरशील."

आम्ही उठायला लागलो, तेव्हा म्हातारीने विचारलं, वर्षानंतर गाडीचं काय करनार. विकणार, बायको म्हणाली. दोन चाळीस धरलेत. म्हातारीने मुलाकडे मान वळवली. तू किती देशील? मुलगा आधी गोंधळला. मग म्हणाला, गाडी माझ्या हातची आहे, हिचा आवाजसुद्धा मला माहीत आहे. दुकानदाराला शंभर शंका, मला एकही नाही. ओळखीत गिऱ्हाईक आहेच. वर्षाच्या आत परत दिली तर दोन साठ देईन. लेखी.

माझ्या बायकोने डोळे मिटले. ती तोंडी हिशोब करताना तसं करायची. बहात्तर हजार आणि दोन साठ, तीन बत्तीस. वीस हजारांनी तिची खूण उजवीकडे सरकली आणि त्यांच्या खुणेला ओलांडून गेली. आता तीन पंचवीस ते तीन बत्तीस असा सात हजारांचा पट्टा तयार झाला. किमतीवर हटून बसलेल्यांनी अटी बदलाव्यात, असं पुस्तकं सांगतात. म्हातारीने पुस्तक वाचलं नव्हतं, पण उरलेल्या मासळीचं दुपारी काय करायचं याचा विचार तिने सकाळी भाव लावताना केला असणार, तीस वर्षं.

तीन अठ्ठावीसला ठरलं. मधोमध नाही, जरासं त्यांच्या खुणेकडे, म्हणजे आमच्या फायद्याचं. घासाघीस दोघींनीच केली, हसत, तीन तीस, तीन सव्वीस, अशी. मी आणि मुलगा बाजूला उभे राहून सामान्य माणसांसारखं ऐकत होतो.

कागद मी लिहिला. पनवेलला स्टॅम्प पेपरवर टाइप करून घेतला आणि तो मला इतका आवडला की घरी येऊन दोनदा वाचला. गाडीच्या मालकाची इच्छा असल्यास, खरेदीच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत, अपघात झालेला नसल्यास, विकणारा ती दोन लाख साठ हजारांना परत घेईल व मालक हस्तांतराच्या सर्व कागदांवर सही करून देईल. भविष्याबद्दल दोघांचे अंदाज वेगळे असले तर त्या भविष्यावरच करार बांधायचा, याचा तो नमुना होता. पुढच्या आठवड्यात मी तो वर्गात शिकवला. कोणाचं भविष्य ते सांगितलं नाही. मुलांनी टिपणं घेतली. गाडी अर्थातच मालकाच्या, म्हणजे बायकोच्या, नावावर झाली.

दहा महिने ती त्या गाडीतून गेली. मी वर्णन करणार नाही; जाणं आणि येणं होतं. येताना ती सीट मागे पाडून पडायची, कळंबोलीच्या चौकात डोळे न उघडता विचारायची, चौक ना? मी हो म्हणायचो. तिला उलटी झाली तर मी गाडी बाजूला घेत असे आणि कोणी आम्हाला उतरवत नसे. चौथ्या महिन्यात हृदयाचा त्रास वाढला. आठव्यात तिने एकदा मला सांगितलं की कागदाची तारीख लक्षात ठेव, दोन साठ सोडू नकोस. अकरावा लागायच्या आत, एका मंगळवारी, डायलिसिसच्या दिवशी नाही, ती गेली. माझा अंदाज तीन वर्षं दोन महिन्यांनी चुकला. तिचा दोन महिन्यांनी.

तारखेला अजून दोन महिने होते. तेरावं आटोपल्यावर मी कागद घेऊन आरटीओतल्या एका एजंटाकडे गेलो. त्याने माझा स्टॅम्प पेपर वाचला, गाडीचं नोंदणीपत्र पाहिलं आणि हस्तांतराच्या फॉर्मवर बोट ठेवलं.

"इथे मॅडमची सही लागेल."

मी म्हणालो, ती नाही. तो ओशाळला. मग समजावून सांगू लागला. मालक मरण पावला तर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. त्याचा फॉर्म वेगळा. मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, इतर वारसांची ना-हरकत. मग ती वारसाने विकायची. माझी मुलगी परदेशात, तिची ना-हरकत तिथे नोंदवून टपालाने यायची. ती आली तेव्हा तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं. पुन्हा गेली, पुन्हा आली.

मी वर्गात शिकवण्याइतक्या कौतुकाने लिहिलेला तो करार ज्या घटनेसाठी लिहिला होता, ती घटना घडली की सही करणारं माणूसच उरत नव्हतं. हे मला टाइप करून घेताना सुचलं नाही. तिला सुचलं असतं. बत्तीस वर्षं ती हेच बघत आली होती, हमीदार आधी गेला तर काय. पण स्टॅम्प पेपर आणला त्या दिवशी तिची डायलिसिसची पाळी होती, आणि मी तिला तो वाचायला दिलाच नाही, फक्त सही कुठे करायची ते दाखवलं. त्यात कुठेही तिच्या मरणाचा शब्द येऊ नये याची मी काळजी घेतली होती. 'मालकाची इच्छा असल्यास' हे शब्द मी त्यासाठीच शोधले होते.

गाडी एका मंगळवारी माझ्या नावावर झाली, तेव्हा वर्ष संपून एकोणीस दिवस झाले होते.

कळंबोलीच्या दुकानदाराने दोन दहा सांगितले. मी गाडी घेऊन जासईला गेलो. मुलगा अंगणातच भेटला, बाईंचं ऐकून वाईट वाटलं म्हणाला, पाणी आणलं. मग कागद उघडून तारीख पाहिली. त्याने अवघडून सांगितलं की सर, वर्ष झालंय, आणि या मधल्या काळात गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं. दोन पंचवीस देऊ शकतो.

सरळ उदाहरण होतं. माझी दुसरी वाट दोन दहाची. कागदावर तो माझा शेवटचा आकडा. त्याचा शेवटचा आकडा दोन पंचवीसच्या वर कुठेतरी, कारण पहिल्या बोलीत कोणी आपला शेवटचा आकडा सांगत नाही. दोन चाळीस सहज झाले असते. एकोणीस दिवस कशात गेले हे सांगितलं असतं, तर कदाचित दोन साठसुद्धा.

खरं तर दोन दहासुद्धा माझा आकडा नव्हता. ती गाडी इमारतीखाली उभी असायची आणि मी जिना उतरताना डावीकडची, पाडलेली सीट दिसू नये म्हणून फिरून मागच्या फाटकाने जायचो. त्या गाडीने मला एक रुपया दिला नसता तरी मी ती सोडून आलो असतो. दुसरी वाट सहन होत नसली की माणसाचा शेवटचा आकडा शून्यापर्यंत खाली येतो, आणि हे समोरच्याला दिसू नये यासाठी माझ्या विषयाची निम्मी पुस्तकं लिहिलेली आहेत.

"चालेल," मी म्हणालो.

मुलगा चमकला. त्याला पुढचं पाऊल टाकायची तयारी होती आणि जमीनच संपली. ओट्यावरून म्हातारी बघत होती. ती अजून माझ्याशी काही बोलली नव्हती. आता म्हणाली,

"मास्तर, पयल्या बोलीला हो म्हनतंय का कोनी?"

मी किल्ली मुलाच्या हातात ठेवली.

"ती असती तं म्हनाली नसती," म्हातारी म्हणाली. मग मुलाला म्हणाली, याला जेवल्याबिगर सोडू नको. पैशाबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही ते अपेक्षिलं नव्हतं. ठरलं ते ठरलं. मुलाने फॉर्म आणले. विकणाऱ्याच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. त्याखाली, गाडी आपल्याकडे कधीपासून आहे, असं त्याने दुसऱ्या एका कागदासाठी विचारलं. मी म्हणालो, मंगळवारपासून. नोंदणीपत्राप्रमाणे ते बरोबर होतं.